केसपेपर कुणाचे, पेशंट कुणाचे: भागीदारी सोडणाऱ्या डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर

«मी एम.डी. मेडिसिन आहे. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी 11 वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यासोबत भागीदारीत क्लिनिक सुरू केले. आता मी बाहेर पडते आहे आणि त्याच गावात दीड किलोमीटरवर स्वतःचा दवाखाना सुरू करणार आहे. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की केसपेपर आणि संगणकातील नोंदी क्लिनिकच्या आहेत, मला एकही कागद मिळणार नाही आणि पेशंटना मी काही कळवायचेही नाही. पण हे पेशंट मीच वर्षानुवर्षे तपासले आहेत. सॉफ्टवेअरमधून माझ्या पेशंटची यादी आणि नोंदी काढून घेतल्या तर चालेल का? आणि पेशंटना रीतसर कळवायचे कसे?»
— एक डॉक्टर, सातारा जिल्हा

डॉक्टर,

यादी आणि नोंदी परस्पर काढून घेऊ नका, हे आधी स्पष्ट सांगतो. त्याच वेळी तुमचे सहकारी जे म्हणतात त्यातले निम्मेच बरोबर आहे. या वादात कागद, कागदावरची माहिती आणि प्रत्यक्ष पेशंट या तीन गोष्टींची गल्लत झालेली दिसते, आणि जिथे जिथे भागीदारी मोडताना कटुता आली तिथे मी हीच गल्लत पाहिली आहे.

मूळ केसपेपर आणि संगणकातील मूळ नोंद सांभाळण्याची जबाबदारी भागीदारी संस्थेची आहे. करारनाम्यात वेगळे लिहिले नसेल तर ती संस्थेकडेच राहते. मात्र त्या नोंदीतली माहिती पेशंटची आहे आणि तिची प्रत मागण्याचा त्याचा हक्क निर्विवाद आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्या तर त्या अर्जाची पोच द्यावी लागते आणि 72 तासांत कागद द्यावे लागतात. पेशंटला केसपेपरच्या प्रती नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयानेही 1996 मध्येच स्पष्ट केलेले आहे. राहिला पेशंट. तो तुमचाही नाही आणि सहकाऱ्यांचाही नाही. उद्यापासून कोणाकडे जायचे हे तो ठरवणार आहे, आणि ते ठरवता यावे एवढी माहिती त्याला देणे हे तुम्हा दोघांचे काम आहे.

यावरून नोंदी तुमच्याकडे येण्याचा सरळ मार्ग दिसतो. पेशंट अर्ज करेल, क्लिनिक त्याला प्रत देईल किंवा त्याच्या लेखी संमतीने ती थेट तुमच्याकडे पाठवेल. मूळ फाईल मात्र जागची हलणार नाही. उद्या सहकारी नरमले आणि «तुमच्या फायली घेऊन जा» म्हणाले, तरी मूळ कागद उचलू नका असाच माझा सल्ला आहे. तुम्ही रजेवर असताना त्याच पेशंटला त्यांनी तपासले असणार, औषध बदलले असणार. तीन वर्षांनी त्या भेटीबद्दल तक्रार आली तर त्यांना आपल्या हातची नोंद समोर हवी. तुम्हालाही तेच लागू आहे, त्याकडे पुढे येतो.

आता पेन ड्राइव्हबद्दल. तुमच्या लॉगिनने यादी निघेल, कोणी अडवणार नाही, हे मला माहीत आहे. पण 11 वर्षांच्या यादीत फक्त सहकाऱ्यांकडे येणारे लोकही असतात, आणि एकदाच येऊन अशा आजाराबद्दल बोलून गेलेलेही असतात, जो त्यांनी घरातसुद्धा सांगितलेला नाही. त्यांनी माहिती त्या क्लिनिकला उपचारासाठी दिली होती, तुमच्या नव्या दवाखान्याला नव्हे. गोपनीयतेचा प्रश्न इथेच उभा राहतो. शिवाय भारतीय भागीदारी अधिनियम 1932 चे कलम 36 एकदा नीट वाचा. बाहेर पडणाऱ्या भागीदाराला तोच व्यवसाय करण्याची आणि त्याची जाहिरात करण्याची मुभा ते देते, पण वेगळा करार नसेल तर तीन गोष्टींना मनाई करते: जुन्या संस्थेचे नाव वापरणे, आपण अजूनही त्या संस्थेचाच व्यवसाय करतो असे भासवणे, आणि आपण बाहेर पडण्यापूर्वी संस्थेशी व्यवहार करणाऱ्यांना आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न करणे. ती यादी उघडून तुम्ही 800 लोकांना «आता माझ्याकडे या» असा संदेश पाठवलात तर तो या तिसऱ्या मनाईत मोडतो. वैद्यकीय आचारसंहितेतही पेशंट गोळा करण्यासाठी केलेली याचना गैरवर्तन ठरते.

त्याच कलमात पुढे असेही आहे की ठरावीक मुदत किंवा ठरावीक हद्द घालून, त्या काळात किंवा त्या हद्दीत बाहेर पडणाऱ्याने तसाच व्यवसाय करू नये असा भागीदारांचा करार असेल आणि निर्बंध वाजवी असतील, तर तो वैध असतो. तुमच्या करारनाम्यात असे काही आहे का, हे नव्या जागेचे भाडे ठरवण्यापूर्वीच वकिलांकडून पाहून घ्या. दीड किलोमीटर हे अंतर मला त्या दृष्टीने खटकले.

मग कळवायचे कसे? दोघांच्या सहीने, क्लिनिकच्या नावाने, क्लिनिकच्याच फोनवरून. आचारसंहिता डॉक्टरला व्यवसायाचा पत्ता बदलल्याचे औपचारिक निवेदन करू देते, वर्तमानपत्रातसुद्धा, आणि हातात घेतलेल्या पेशंटला पुरेशी पूर्वसूचना न देता सोडू नये असेही बजावते. म्हणजे कळवणे हा तुमचा हक्क आहेच, शिवाय ते कर्तव्यही आहे. याचना तेवढी चालत नाही. सूचना आणि याचना यांतला फरक शब्दांत असतो, म्हणून मजकूर आधी ठरवून घ्यावा. मी असा मजकूर सुचवेन:

«सर्व रुग्णांना कळवण्यात येते की डॉ. (नाव) या (तारीख) पासून या क्लिनिकमध्ये रुग्ण तपासणार नाहीत. त्या तारखेनंतर त्या (पत्ता) येथे व्यवसाय करतील. हे क्लिनिक डॉ. (नाव) यांच्याकडे पूर्ववत सुरू राहील. आपले पुढील उपचार कोठे घ्यावेत हे आपण ठरवू शकता. आपल्या नोंदी क्लिनिकमध्ये सुरक्षित असून त्यांची प्रत हवी असल्यास स्वागतकक्षात अर्ज मिळेल. तपासणीचा अहवाल यायचा असल्यास किंवा औषधे 15 दिवसांत संपत असल्यास कृपया (दूरध्वनी) येथे संपर्क साधावा.»

यात ना कौतुक, ना कारण, ना फोटो, ना फीमधील सवलत. सहकाऱ्यांना हा मजकूर दाखवताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आणून द्या: «क्लिनिक पूर्ववत सुरू राहील» हे वाक्य त्यांच्याच हिताचे आहे. मॅडम गेल्या म्हणजे दवाखाना बंद झाला, अशी समजूत गावात पसरायला वेळ लागत नाही.

शेवटच्या दिवसाच्या किमान 60 दिवस आधी हा फलक क्लिनिकमध्ये लागावा. तुमच्याकडे बहुतेक दीर्घ आजाराचे पेशंट असतील आणि ते दर एक-दोन महिन्यांनी येतात, म्हणजे एवढ्या मुदतीत बरेच जण तो स्वतः वाचतील किंवा कोणाकडून ऐकतील. गेल्या दोन वर्षांत तुम्ही तपासलेल्यांना हाच मजकूर मोबाईलवर जावा. इथे एक काळजी घ्या. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या केसपेपरवरचा नंबर पुष्कळदा पुण्याच्या मुलाचा असतो, सुनेचा असतो, कधी शेजारच्या किराणा दुकानदाराचाही असतो. म्हणून संदेशात आजाराचा, औषधाचा, तपासणीचा उल्लेख अजिबात नको. «आपल्या क्षयरोगाच्या उपचारासाठी» एवढे तीन शब्द चुकीच्या फोनवर गेले तर एखाद्या घरात काय होईल याची कल्पना तुम्हाला मी द्यायला नको.

फलक आणि संदेश यांनी मोठा भाग निभावतो. खरा धोका मात्र त्या थोड्या लोकांना असतो ज्यांचे उपचार मध्यावर आहेत, आणि तुमचा वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवा अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे मी अनुभवाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका भागीदारीतून बाहेर पडलो, तेव्हा दारावर कागद चिकटवला आणि काम झाले असे समजलो. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले एक गृहस्थ माझ्याकडे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीसाठी येत. दर महिन्याला आय.एन.आर. तपासायचा आणि त्यावरून मात्रा ठरवायची. मी गेल्यावर ते दोनदा जुन्या क्लिनिकमध्ये आले, स्वागतकक्षातून «डॉक्टर नाहीत» एवढेच उत्तर मिळाले आणि ते परत गेले. गोळी मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत राहिला. पुढे दात दुखला म्हणून दुसऱ्या ठिकाणी मेट्रोनिडाझोल मिळाले, ज्याने त्या गोळीचा परिणाम वाढतो. ते माझ्यापर्यंत पोचले तेव्हा हिरड्यांतून रक्त थांबत नव्हते आणि आय.एन.आर. 7 च्या वर होता. वाचले. पण त्या माणसाला मी एक फोन केला असता तर हे घडलेच नसते.

म्हणून फलक लागला की दुसऱ्याच दिवसापासून रोज ओपीडी संपल्यावर अर्धा तास बसून एक यादी करायला घ्या. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारे, मेथोट्रेक्झेट किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, फिट्सचे औषध नुकतेच बदललेले, थायरॉइड असलेल्या गरोदर स्त्रिया, क्षयरोगाचे उपचार चालू असलेले, आणि ज्यांचा बायोप्सीचा किंवा दुसरा महत्त्वाचा अहवाल यायचा आहे असे सगळे. माझा अंदाज आहे की तुमच्यासारख्या क्लिनिकमध्ये ही नावे 50 ते 70 च्या आसपास भरतील. यांना संदेश पुरेसा नाही. यांना क्लिनिकच्या फोनवरून तुम्ही स्वतः बोला, आणि पुढे कोणाकडे जाणार हे त्यांच्याच तोंडून ऐकून यादीत लिहा. उत्तर «अजून ठरवले नाही» असे आले तर 15 दिवसांनी पुन्हा फोन.

या प्रत्येकासाठी एक पानी सारांश करा. नमुन्यासाठी संधिवाताची एक बाई घेऊ: वय 52, मेथोट्रेक्झेट चालू. सारांशात पहिल्याच ओळीत ठळक लिहा, «मेथोट्रेक्झेट 15 मि.ग्रॅ., आठवड्यातून फक्त एकदा, सोमवारी.» ही गोळी रोज घेतली गेली तर जिवावर बेतते, आणि नव्या डॉक्टरला किंवा नव्या मेडिकलवाल्याला घाईत वाचताना तसा गोंधळ होऊ शकतो. त्याखाली फॉलिक अ‍ॅसिड कोणत्या दिवशी, रक्तपेशी आणि यकृताची शेवटची तपासणी कधी झाली, तिचे आकडे काय, पुढची कोणत्या तारखेला व्हायला हवी. मग कोणते औषध आधी देऊन पाहिले आणि का बंद केले. हा «का बंद केले» चा तपशील फक्त तुमच्या डोक्यात असतो; जुन्या केसपेपरच्या 30 पानांतून तो कोणी शोधत बसत नाही. सारांशाची एक प्रत पेशंटच्या हातात, एक क्लिनिकच्या फाईलमध्ये. मग ती बाई तुमच्याकडे येवो, सहकाऱ्यांकडे राहो की साताऱ्याला जावो, उपचारात खंड पडणार नाही.

क्षयरोगाच्या पेशंटची नोंद निक्षय पोर्टलवर तुमच्या क्लिनिकखाली असेल. पेशंट दुसरीकडे जाणार असेल तर तिथेही बदल व्हायला हवा, नाहीतर पाठपुरावा आणि पोषण आहाराचे पैसे दोन्ही अडकतात. तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकांना आधीच भेटून हे करून घ्या.

प्रयोगशाळांनाही लेखी कळवा. तुमच्या नावाने पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल तुम्ही गेल्यावर क्लिनिकच्या टेबलावर येतो, सहकारी म्हणतात «हा पेशंट माझा नाही», आणि लिफाफा पडून राहतो. अहवाल आला की तो कोण उघडणार आणि पेशंटला कोण सांगणार, हे नावानिशी ठरवा. शेवटच्या दिवसानंतर निदान 90 दिवस तरी ही व्यवस्था चालू असावी.

प्रत देण्याची पद्धत साधी ठेवा. एक छापील अर्ज: पेशंटचे नाव, क्लिनिकचा नोंद क्रमांक, कोणत्या काळातील नोंदी हव्यात, स्वतः नेणार की डॉ. अमुक यांच्याकडे पाठवायच्या, सही, तारीख. स्वागतकक्षात एक वही, जिच्यात अर्ज मिळाल्याची तारीख आणि वेळ, प्रत दिल्याची तारीख आणि घेणाऱ्याची सही. वाद झाला तर 72 तास पाळले की नाही हे सांगायला हीच वही लागते. काय बिघडते आहे हेसुद्धा तिच्यातच दिसते: पहिल्या पंधरवड्यात अर्ज भराभर आले आणि प्रत दिल्याचा रकाना कोरा राहिला, तर कोणीतरी हात आखडता घेतला आहे असे समजा आणि लगेच लेखी विचारा. स्वागतकक्षातील मुलीला दोघांनी मिळून एकच वाक्य शिकवा, «मॅडम आता अमुक ठिकाणी बसतात, इथे सर आहेत, तुम्हाला काय सोयीचे?» दोन मालकांमध्ये सापडलेल्या त्या मुलीवर «माहीत नाही» म्हणायची वेळ आणू नका.

आता तुमच्या स्वतःच्या संरक्षणाचे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि योग्य कारण दाखवले तर आयोग त्यानंतरचीही तक्रार घेऊ शकतो. त्या वेळी तुमची नोंद सहकाऱ्यांच्या कपाटात असेल. म्हणून निवृत्तीच्या करारात हे लिहून घ्या की तुम्ही तपासलेल्या पेशंटच्या नोंदी क्लिनिक ठरावीक वर्षे जपेल, त्याआधी नष्ट करणार नाही, आणि तुमच्यावर तक्रार, नोटीस किंवा परिषदेकडून विचारणा आली तर 72 तासांत साक्षांकित प्रत देईल. आचारसंहितेतील 3 वर्षांची अट आंतररुग्णांच्या नोंदींसाठी आहे. बाह्यरुग्णांचे कागद केव्हाही टाकावेत असा तिचा अर्थ काढू नये. मी 5 वर्षे सुचवेन आणि अल्पवयीन पेशंटसाठी त्याहून जास्त. तुमचा व्यावसायिक विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. बहुतेक पॉलिसी दावा येतो त्या दिवशी चालू असाव्या लागतात, आणि त्यातली पूर्वलक्षी तारीख कायम राहिली तरच जुन्या उपचारांना संरक्षण मिळते. क्लिनिकच्या नावाची पॉलिसी सोडून स्वतःची नवी घेताना ही तारीख तपासून घ्या.

आर्थिक बाजू तुमचे सीए पाहतील, पण एक गोष्ट मी सांगतो कारण डॉक्टर ती हटकून विसरतात. निवृत्तीची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत त्रयस्थांच्या दृष्टीने तुम्ही भागीदारच असता आणि संस्थेच्या नव्या देण्यांनाही बांधल्या जाऊ शकता. ही सूचना म्हणजे क्लिनिकच्या दारावरचा फलक नव्हे. भागीदारी कायद्याप्रमाणे ती राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रात द्यावी लागते, आणि संस्था नोंदणीकृत असेल तर निबंधकांकडेही.

सहकारी संयुक्त सूचनेला तयारच नसतील तर? आधी लेखी प्रस्ताव द्या, वरचा मजकूर जोडून, उत्तरासाठी 10 दिवस देऊन. वैद्यकीय संघटनेच्या स्थानिक शाखेतील दोघांनाही मान्य असलेल्या एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरांना मध्ये घाला. गावात उद्याही एकमेकांचे तोंड पाहायचे असते, त्यामुळे हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. तरीही नकार आला तर पत्ता बदलल्याचे औपचारिक निवेदन तुम्ही स्वतः वर्तमानपत्रात द्या, मजकूर आधी वकिलांना दाखवून. आणि ओपीडीत समोर बसलेल्या पेशंटला «मी अमुक तारखेपर्यंतच इथे आहे, तुमच्या कागदांची प्रत तुम्ही मागू शकता» हे सांगायला कोणाचीही परवानगी लागत नाही. «कुठे जाणार?» असे त्याने विचारले तर खरे उत्तर द्या.

शेवटच्या दिवशी तुमच्या नावाचे उरलेले लेटरपॅड मोजून नष्ट करा, शिक्का सोबत घ्या, सॉफ्टवेअरमधील तुमचे लॉगिन बंद केल्याचे लेखी घ्या. त्या 50-70 नावांच्या यादीची अद्ययावत प्रत सहकाऱ्यांच्या हाती द्या, प्रत्येक नावासमोर पुढे कोणाकडे हे लिहिलेली, आणि दोघांनी तिच्यावर सही करा. जे सहकाऱ्यांकडे राहणार आहेत त्यांच्याबद्दल, शक्य असेल तर, अर्धा तास समोरासमोर बसून बोला. रक्त पातळ ठेवणाऱ्यांपासून सुरुवात करा.